इंजिनिअरिंग मॅनेजरच्या मुलाखतीतले तीन प्रश्न

सॉफ्टवेअर कंपनीत सहा ते दहा इंजिनिअरांच्या टीमचा कारभार ज्याच्या हाती असतो, त्याला इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणतात. तो स्वतः कोड थोडाच लिहितो, काही ठिकाणी लिहितही नाही. माणसे निवडणे, त्यांचे काम मार्गी लावणे आणि ठरल्या तारखेला नीट चालणारे सॉफ्टवेअर बाहेर पडेल हे पाहणे, ही त्याची जबाबदारी. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्या असोत की बंगळूरच्या, या पदासाठी चार-पाच फेऱ्यांची मुलाखत होते. त्यात सिस्टिम डिझाइनची फेरी असते, कधी कोडिंगचीही असते. पण बहुतेक उमेदवार अडखळतात ते माणसे आणि काम सांभाळण्याविषयीच्या तासाभराच्या फेरीत. तिथे तीन प्रश्न हमखास येतात. तुम्ही माणसे कशी निवडता? टीममधल्या एखाद्याचे काम कमी पडू लागले तेव्हा तुम्ही काय केले? तारीख गाठायची की कोड नीट करायचा, असा पेच पडला तेव्हा काय ठरवले?

प्रश्न तीन असले तरी मुलाखत घेणाऱ्याचे कान एकाच गोष्टीकडे असतात. अडचण मॅनेजरला कधी कळली, कशावरून कळली आणि कळल्यानंतरच्या आठवड्यात त्याने नेमके काय केले? म्हणूनच ‘तुम्ही काय कराल’ यापेक्षा ‘तुम्ही काय केले’ असे विचारण्याकडे कल असतो. काय करायला हवे हे पुस्तके वाचून कोणालाही सांगता येते. केलेल्या कामाला मात्र महिने असतात, माणसे असतात, फसलेले प्रयत्न असतात, आणि दोन उपप्रश्नांतच कळते की हे सगळे खरोखर घडले होते की नाही. ‘आम्ही ठरवले’, ‘आम्ही सुधारणा केली’ अशी वाक्ये आली की समोरून लगेच विचारणा होते, ‘त्यात तुम्ही काय केले?’ टीमला श्रेय देणे चांगलेच. पण या तासाभरात तपासायचा असतो तो एका माणसाचा निर्णय.

एकच उदाहरण तिन्ही प्रश्नांतून नेले तर हे नीट उलगडते. समजा, उमेदवार ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीत पेमेंटची टीम सांभाळत होता. टीम आठ जणांची, काळ 2022 सालचा. ग्राहकांच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांचे नंबर विक्रेत्यांनी स्वतःकडे साठवून ठेवू नयेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. साठवलेल्या नंबराच्या जागी टोकन वापरायचे, म्हणजे त्या कार्डासाठी आणि त्या विक्रेत्यापुरताच चालणारा पर्यायी क्रमांक. ही टोकने व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा कार्ड नेटवर्कांमार्फत मिळत. 31 डिसेंबर 2021 ही मुदत पुढे ढकलून 30 जून 2022 केली गेली होती. मॅनेजरला वाटाघाटी करता येणार नाहीत अशी ही तारीख होती.

जानेवारीत या टीममध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. निवडीचा प्रश्न इथून सुरू होतो.

‘चांगली माणसे शोधतो, शिकण्याची वृत्ती पाहतो’ हे उत्तर कोणत्याही टीमला लागू पडते, त्यामुळे त्याला गुण मिळत नाहीत. चांगले उत्तर जागेच्या कामापासून निघते. या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय केलेले असायला हवे? पेमेंट टीममध्ये त्याचे उत्तर होते: आठ वर्षांचा जुना कोड न मोडता बदलणे. हे एकदा कागदावर उतरले की मुलाखतीतले प्रश्न बदलतात. नवी प्रणाली फळ्यावर रेखाटून दाखवायला सांगण्याऐवजी दोनशे ओळींचा गुंतागुंतीचा जुना कोड उमेदवारासमोर ठेवता येतो: हा वाचा, यात धोका कुठे दिसतो ते सांगा, आणि पहिला बदल कोणता कराल तेही सांगा.

यापुढची शिस्त प्रत्येक उमेदवाराला एकाच साच्यात तपासण्याची. सगळ्यांना तेच प्रश्न, गुण देण्याची तीच पट्टी, आणि मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपले मत एकमेकांशी बोलण्याआधी लिहून टाकायचे. हा शेवटचा नियम साधा दिसतो, पण तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. चर्चेच्या बैठकीत वरिष्ठाने आधी तोंड उघडले की बाकीच्यांची मते हळूहळू त्याच्याकडे सरकतात. म्हणून अनुभवी मॅनेजर सगळ्यात नव्या मुलाखतकाराला आधी बोलायला लावतात. साच्यातल्या मुलाखतीच्या बाजूने संशोधनही आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये कर्मचारी-निवडीच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी मुलाखत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज चांगला देते असे दिसले. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हेच आकडे नव्याने तपासले. त्यात बहुतेक पद्धतींची किंमत आधीच्या समजुतीपेक्षा कमी निघाली, तरी अशी मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली. मात्र सगळ्यात वरची पद्धतही पुष्कळदा चुकते. त्यामुळे ‘माझी निवड कधी चुकली नाही’ असे म्हणणारा उमेदवार फारशा निवडी न केलेला असतो, किंवा केलेल्या निवडींकडे मागे वळून न पाहिलेला.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो. जानेवारीच्या अखेरीस ऑफर स्वीकारणारा माणूस एप्रिलच्या अखेरीस रुजू होतो. मधल्या काळात त्याची सध्याची कंपनी पगार वाढवून देते, किंवा तोच दुसरीकडून मोठी ऑफर आणतो आणि रुजू व्हायच्या दिवशी फिरकत नाही. हे माहीत असलेला मॅनेजर त्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला फोन करतो, टीममधल्या एखाद्याशी गाठ घालून देतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही हातचा सोडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जूनच्या तारखेसाठी जानेवारीत केलेली भरती उपयोगाची नाही हे तो आधीच धरून चालतो. आयबीएममध्ये ओएस/360 या प्रचंड प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडले होते की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. नव्या माणसाला शिकवण्यात जाणत्यांचा वेळ जातो, आणि जितकी माणसे वाढतात त्याहून अधिक वेगाने आपापसातले बोलणे वाढते. मुलाखतीत ‘तारीख जवळ आली म्हणून दोन माणसे मागून घेतली’ असे सांगणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागते.

आता दुसरा प्रश्न. नव्या दोघांपैकी एक, दहा वर्षांचा अनुभव असलेला सिनिअर इंजिनिअर, एप्रिलच्या अखेरीस रुजू झाला. त्याच्याकडे रिफंडचा भाग दिला गेला. जून उजाडेपर्यंत त्याची पहिली दोन कामे अंदाजाच्या दुप्पट लांबली होती.

इथे मुलाखतकार पहिल्यांदा थांबवतो आणि विचारतो, ‘कशावरून कळले?’ ‘टीममध्ये तशी भावना होती’ हे उत्तर कच्चे. ऑफिसात किती तास बसतो, कोडच्या किती ओळी लिहितो, हेही पुरावे नव्हेत, कारण अवघड बग शोधणाऱ्याच्या नावावर दोन दिवसांत एकच ओळ असू शकते. पक्के उत्तर कामाच्या खुणांपर्यंत जाते. सकाळच्या स्टँडअपमध्ये ओळीने चार दिवस ‘चालू आहे, आज होईल’ एवढेच ऐकू आले. मग अकराव्या दिवशी 1,400 ओळींचा बदल एकदम तपासणीला आला. इतका मोठा बदल कोणी मन लावून वाचू शकत नाही, म्हणून तो आणखी चार दिवस पडून राहिला. तपासणीत निघालेल्या हरकतींतल्या दोन अशा होत्या, की पहिल्या दिवशी पाच मिनिटे बोलणे झाले असते तर त्या उद्भवल्याच नसत्या.

दुसरा थांबा: ‘हे तुम्हाला मेच्या मध्यावर दिसले. तुम्ही बोललात कधी?’ समजा उमेदवार प्रामाणिकपणे सांगतो की बोलणे जूनच्या पहिल्या आठवड्यात झाले, कारण तारखेच्या धांदलीत ते पुढे ढकलले गेले. यामुळे मुलाखत हातची जात नाही. उशीर का झाला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे त्याला सांगता आले पाहिजे. ती किंमत बहुधा टीममधल्या सगळ्यात कर्तबगार माणसाने दिलेली असते. मॅनेजर मंद चालणाऱ्याचे काम गाजावाजा न करता काढून त्याच्याकडे देतो. त्या आठवड्यापुरता प्रश्न सुटतो. दोन महिन्यांनी मंद चालणाऱ्याला आपले काही चुकते आहे याचा पत्ता नसतो, आणि कर्तबगार माणूस राजीनाम्याच्या विचारात असतो. कमी पडणाऱ्या माणसाचा प्रश्न हाताळताना होणारी सगळ्यात सार्वत्रिक चूक हीच आहे, आणि ती दयाळूपणाच्या रूपात होते म्हणून करणाऱ्याला ती चूक वाटत नाही.

पहिले बोलणे कसे झाले, हे मुलाखतकार शब्दशः ऐकू इच्छितो. ‘फीडबॅक दिला’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. उमेदवाराने सांगितलेले बोलणे साधारण असे असावे: ‘रिफंडची दोन्ही कामं दुप्पट लांबली. दुसऱ्या कामात तू चार दिवस अडकला होतास, पण ते आम्हाला अकराव्या दिवशी कळलं. या पातळीवरच्या माणसाकडून माझी अपेक्षा अशी आहे की अडकलं की त्याच दिवशी कळावं. तुला हे कसं दिसतं?’ यात घडलेली गोष्ट आहे, अपेक्षा आहे आणि शेवटी खरा प्रश्न आहे. त्या माणसाच्या स्वभावावर शेरा नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर ऐकणे हे निदानाचे काम आहे. इंटेलचे प्रमुख राहिलेल्या अँडी ग्रोव्ह यांनी 1983 च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात एक सोपी कसोटी दिली आहे: जिवावर बेतले तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल तर अडचण इच्छेची, नसेल तर कौशल्याची. अनुभवी मॅनेजर त्याआधी आणखी दोन गोष्टी तपासतात. त्याच्याकडून काय हवे हे त्याला कोणी स्पष्ट सांगितले होते का, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी तो इथे अडकलाच असता का?

या उदाहरणात दुसऱ्या तपासणीने चित्र बदलते. रिफंडच्या कोडला स्वयंचलित चाचण्याच नव्हत्या. तो लिहिणारा दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेला होता. एक ओळ बदलली तर काय मोडेल हे टीममधल्या कोणालाच नक्की माहीत नव्हते. नव्या माणसाच्या आधीच्या कंपनीत प्रत्येकाचा भाग वेगळा असे आणि वारंवार विचारणे हे कमी माहितीचे लक्षण समजले जाई. म्हणून तो एकटाच झगडत राहिला. उलगडा झाला तो असा, की थोडी अडचण त्याच्या सवयीची होती, थोडी कोडची, आणि थोडी निवडीची. त्याला घेताना फळ्यावरच्या डिझाइनवर भर दिला गेला होता आणि जुना कोड वाचण्याची कसोटी घाईत गाळली गेली होती. हे जो सांगू शकतो, त्याच्या उत्तरात तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि खऱ्या टीममध्ये ते तसेच असतात.

निदानानंतरचे उपाय मोजता येण्याजोगे हवेत. इथे ते तीन होते. तपासणीला पाठवायचा बदल 300 ओळींच्या आत ठेवायचा, अर्ध्या दिवसापेक्षा जास्त अडकले तर टीमच्या चॅटवर लिहायचे, आणि मोठे काम सुरू करण्याआधी एक पानी टिपण काढून सहकाऱ्याला दाखवायचे. मुदत सहा आठवड्यांची. जोडीला मॅनेजरकडूनही काही देणे लागते. रिफंडच्या भागात सगळ्यात जास्त वावर असलेली सहकारी दिवसातला एक तास त्याच्यासोबत बसेल, आणि तिच्या ताटातले तेवढे काम कमी केले जाईल. दर आठवड्याला अर्ध्या तासाची भेट, आणि भेटीनंतर दोघांना दिसेल अशी चार ओळींची नोंद. नोंद महत्त्वाची, कारण सहा आठवड्यांनी दोघांच्या आठवणी जुळत नाहीत.

समजा तो माणूस सुधारला. मुलाखतकार तिथे थांबत नाही. ‘सुधारला नसता तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. मग पीआयपीचा विषय निघतो. पीआयपी म्हणजे एचआरच्या सहभागाने दिलेली लेखी सुधारणा-योजना, साधारण 30, 60 किंवा 90 दिवसांची. तिच्यात अपेक्षा, मोजमाप आणि न जमल्यास काय होईल हे लिहिलेले असते. तिचा एक कसोशीने पाळायचा नियम आहे: त्या कागदावर असे काहीही नसावे, जे त्या माणसाने आधी तोंडी ऐकलेले नाही. पीआयपीचे पत्र हातात पडल्यावर माणसाला धक्का बसला, तर चूक आधीच्या महिन्यांतली आणि मॅनेजरची असते. आयटीतल्या अनेकांना पीआयपी म्हणजे बाहेरचा रस्ता वाटतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरे असते. मनात निर्णय झालेला असताना सुधारण्याचा देखावा करणे क्रूर आहे. अशा वेळी स्पष्ट बोलून दुसऱ्या टीममधली योग्य जागा शोधणे, किंवा नोकरी शोधायला पुरेसा वेळ आणि पगार देऊन निरोप देणे अधिक माणुसकीचे ठरते. उमेदवार यातले काही सांगताना त्या माणसाविषयी कसे बोलतो, याकडेही मुलाखतकाराचे लक्ष असते. तिरस्कार आला की नोंद होते. नाव सांगितले तरी होते, कारण गोपनीयता राखणे हाही कामाचाच भाग आहे.

तिसरा प्रश्न तारखेचा आणि कर्जाचा. घाईत किंवा अर्धवट समजुतीने लिहिलेला कोड पुढच्या प्रत्येक बदलाला जड जातो, याला टेक्निकल डेट म्हणतात. 1992 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी वायकॅश या आर्थिक सॉफ्टवेअरच्या कामाचा अनुभव सांगताना कर्जाची ही उपमा वापरली. त्यांच्या मते थोडे कर्ज काढून काम लवकर बाहेर आणणे गैर नाही, फक्त ते पुढे कोड सुधारून फेडले गेले पाहिजे. न फेडलेल्या कर्जावरचे व्याज म्हणजे पुढच्या प्रत्येक कामाला लागणारा जादा वेळ.

मुलाखतीत इथे दोन टोकांची उत्तरे येतात. एक म्हणते, दर्जाशी तडजोड केली नाही. दुसरे म्हणते, व्यवसायाची तारीख आधी, बाकी नंतर. दोन्हींत निर्णय दिसत नाही. निर्णय दिसतो तो कर्ज किती, कुठे आणि कोणाला सांगून घेतले यात.

पेमेंट टीमपुढे दोन वाटा होत्या. कार्डाची माहिती वापरणारा कोड चेकआउट, रिफंड आणि ऑफर अशा तीन ठिकाणी विखुरलेला होता. तो एकत्र करून टोकनसाठी नव्याने लिहायला दहा आठवडे लागले असते. दुसरी वाट तीन आठवड्यांची: जुन्या कोडला कार्ड नंबराच्या जागी टोकन दिसेल असा मधला थर घालायचा. टोकनही कार्ड नंबरासारखाच 16 अंकी असल्याने जुना कोड ते मुकाट स्वीकारील, असा होरा. एप्रिलच्या मध्यावर हिशेब केला तर दहा आठवड्यांची वाट 30 जूनला जेमतेम टेकत होती, चाचणीला आणि चुकांना जागाच उरत नव्हती. मॅनेजरने मधला थर निवडला.

त्या निवडीची किंमत ऑफरच्या भागात निघाली. ‘अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट’ अशी सवलत देताना जुना कोड नंबराच्या पहिल्या सहा अंकांवरून बँक ओळखत असे. टोकनचे पहिले अंक मूळ कार्डाच्या अंकांहून वेगळे असतात. त्यामुळे सवलतीला पात्र असलेल्या ग्राहकाला सवलत मिळेना. चाचणीत हे सापडले आणि घाईने एक तक्ता जोडला गेला, ज्यात कोणते टोकन कोणत्या बँकेचे हे पाहिले जाई. काम भागले. पण यापुढे प्रत्येक नवी बँक-ऑफर दोन ठिकाणी हाताने भरावी लागणार होती, आणि एका दिवसाच्या कामाला चार दिवस लागणार होते. कर्जावरचे व्याज इतक्या नेमकेपणाने सांगता आले, की मुलाखतकार पेन उचलतो.

कर्ज घेताना मॅनेजरने केलेल्या तीन गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. मधला थर एकाच फोल्डरमध्ये बंदिस्त ठेवला, म्हणजे तो काढताना सगळीकडे शोधत फिरावे लागणार नाही. रिफंडसाठी चाचण्या लिहिल्याशिवाय त्या भागाला हात लावू दिला नाही, कारण तिथे चूक झाली तर ग्राहकाचे पैसे अडकतात, आणि पैशाच्या वाटेवर कर्ज घ्यायचे नाही हे त्याने आधीच ठरवले होते. शिवाय काय अर्धवट राहिले आहे, ते कधी फेडायचे आणि कोणी, याचे एक पान लिहून प्रॉडक्ट मॅनेजरची त्यावर संमती घेतली. तोंडी सांगितलेले कर्ज तिमाही संपताच विसरले जाते.

24 जून 2022 ला रिझर्व्ह बँकेने मुदत आणखी तीन महिन्यांनी, 30 सप्टेंबरपर्यंत वाढवली. हाती तीन महिने आले, त्यांचे काय करायचे? प्रॉडक्टच्या बाजूला नव्या सुविधांची रांग होती. दिवाळी 24 ऑक्टोबरला होती आणि सणाचा सेल त्याच्या महिनाभर आधी सुरू होणार होता. इथे मॅनेजरला ‘कोड घाणेरडा आहे’ असे म्हणून वेळ मिळत नाही. त्याने हिशेब मांडला. वर्षाकाठी साधारण 20 बँक-ऑफर, प्रत्येकीमागे तीन दिवस जादा, म्हणजे 60 दिवसांचे काम. ऑफरचा भाग नीट करायला दोन जणांना पाच आठवडे, म्हणजे 50 दिवसांचे काम. वर्षभरात कर्ज जेमतेम फिटते. एवढ्यावर कोणी फारसे हुरळून जाणार नाही, आणि उमेदवाराने तसे कबूल करावे हेच योग्य. निर्णय फिरला तो वेगळ्या कारणाने: सेलच्या काळात ऑफर एकामागून एक, दोन-दोन दिवसांत बदलतात, आणि चार दिवस घेणारे काम तिथे करताच येत नाही. पाच आठवडे मिळाले. चेकआउटचा भाग मात्र तसाच ठेवला गेला, कारण तिथला मधला थर वर्षभरात कोणाच्या वाटेत येणार नव्हता. सगळे कर्ज फेडायचे नसते. ज्या कोडला कोणी हात लावत नाही, त्यावर व्याजही चढत नाही.

याच्या उलट बाजूची खूणही मुलाखतकार शोधतो. कर्ज हाताबाहेर चालले आहे हे मॅनेजरला कशावरून कळते? अंदाज सतत एकाच भागात चुकतात, रिलीजनंतर तातडीच्या दुरुस्त्या वाढतात, रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीत तोच अलार्म वारंवार वाजतो, आणि अमुक काम अमुक माणूस रजेवरून आल्यावरच करू असे लोक म्हणू लागतात. शेवटची खूण सगळ्यात आधी दिसते. रिफंडच्या बाबतीत ती दोन वर्षे दिसत होती. तो भाग लिहिणारा कंपनी सोडून गेला त्याच दिवशी ते काम यादीत वर यायला हवे होते.

फेरी संपल्यावर मुलाखतकार त्याच दिवशी आपले मत लिहितो, आणि शेऱ्यापेक्षा पुराव्याला त्यात जास्त जागा देतो. ‘संवाद चांगला’ याला किंमत नाही. ‘तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले, सातव्या आठवड्यात बोलला, उशिराचे कारण स्वतःहून सांगितले, लेखी अपेक्षा तीन, सहकाऱ्याचे काम कमी केले’ याला आहे. उमेदवाराने शेवटी विचारलेले प्रश्नही नोंदीत येतात. तारखा कोण ठरवतो, ऑन-कॉलला आठवड्यात किती वेळा उठावे लागते, ही जागा रिकामी का झाली, असे विचारणाऱ्याने ते काम आधी केलेले असते.

तरी हे सगळे एकाच बाजूचे ऐकणे आहे. जो माणूस कमी पडत होता त्याची हकीकत वेगळी असू शकते, आणि खोलीत तो नसतो. म्हणून या पदासाठी काही कंपन्या उमेदवाराच्या जुन्या वरिष्ठाबरोबरच त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्याशीही, उमेदवाराच्या संमतीने, फोनवर बोलतात. तिथे नेमकेपणाने विचारण्याचा प्रश्न हा: या मॅनेजरने तुम्हाला न आवडणारी अशी कोणती गोष्ट सांगितली होती, आणि ती घडल्यानंतर किती दिवसांनी?